कथा विसरते, पद राहतं: संगीत नाटकांतल्या रागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात देवळाच्या उत्सवात संगीत नाटक ठरलं की तालमींना नवी मुलं येतात, प्रयोगाला नवे प्रेक्षक येतात, आणि ऑर्गनवर बसणाऱ्याला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बरीचशी ‘सौभद्र’भोवती फिरतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आलं. आपल्याकडच्या मंडपांत ते आजही होतं आणि त्यातली पदं बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असतात, म्हणून उदाहरणाला ते सोयीचं.

नाट्यपद ‘रागात बांधलेलं’ असतं म्हणजे नेमकं काय?

जुन्या नाटकांची छापील पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि बहुतेक वेळा ‘चाल’ दिलेली असते. चाल म्हणजे आधीपासून गायलं जाणारं एखादं गाणं, ज्याच्या मापावर हे शब्द बसवले. किर्लोस्करांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या, लावणीच्या चाली घेतल्या, कानडी मुलखात वाढल्यामुळे तिकडच्याही घेतल्या. पुढे १९१६ साली खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ आलं तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या, आणि नाट्यपद मैफलीच्या जवळ सरकलं.

एक गोष्ट यातून लक्षात घ्यावी. पुष्कळदा चाल आधी होती, शब्द नंतर आले. त्या चालीत जो भाव अगोदरच मुरलेला होता, तो नाटककाराला आयता मिळाला. त्याचं खरं कौशल्य कोणत्या प्रसंगाला कोणती चाल लावायची, हे ओळखण्यात होतं.

पण रागातून भावना येते तरी कशी? सूर तर सगळीकडे तेच.

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण याचं उत्तर ऐकवून दाखवता येतं. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. दोघांत सूर पाचच आणि तेच: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही, एकही सूर कोमल नाही. पेटीवर नुसते वरखाली वाजवले तर कोणता राग वाजतो आहे ते कुणालाच सांगता येणार नाही.

फरक आहे तो गाणारा थांबतो कुठे याचा. भूपात मुक्काम गंधारावर. सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात राग रमतो, ‘ग रे सा’ असा निवांत खाली उतरतो, आणि ऐकणाऱ्याला संध्याकाळचा ठहराव जाणवतो. देसकारात जोर धैवतावर. गाणारा वरच्या अर्ध्यात राहतो, धैवताला हात लावून पंचमावर टेकतो, पुन्हा वरच्या षड्जाकडे झेपावतो. ऋषभाला तो फारसं थांबू देत नाही. सूर तेच असूनही चित्र उलटं होतं: भूपात दिवस मावळलेला वाटतो, देसकारात उजाडायला लागलेलं.

नाटकवाल्यांनी हा फरक नेमका वापरला. ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं ‘सुजन कसा मन चोरी’ भूपात आहे. कृष्णाने मन चोरलं ही कबुली आहे, ती घाईने द्यायची नसते. ‘सौभद्र’मधलं ‘प्रिये पहा’ देसकारात आहे.

‘प्रिये पहा’ या पदात घडतं काय?

कथेच्या दृष्टीने म्हणाल तर काहीच नाही. कृष्ण रुक्मिणीला सांगतो की रात्र संपली, पहाट झाली. गद्यात हे एका वाक्यात आटपलं असतं. पण पद असं चालतं:

*प्रिये पहा, रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा*
*थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत*
*दिग्वदने स्वच्छ करित, अरुण पसरि निज महा*

पुढे पक्षी बोलू लागतात, भुंगे गुणगुणतात, कमळं उमलायला लागतात. वारा, मग दिवा, मग आभाळ, मग पाखरं. पहाट ज्या क्रमाने अंगावर येते त्याच क्रमाने ओळी येतात. आधी गारवा जाणवतो, डोळे उघडल्यावर समईची ज्योत फिकी पडलेली दिसते, आणि बाहेरचं जग शेवटी.

आता यावर देसकार ठेवा. ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’ हे छोटे छोटे तुकडे आहेत, यमक जुळवत एकामागून एक येणारे. चाल इथे फार पसरत नाही, तुकड्यातुकड्याने वर चढते, आणि ‘अरुण’ येईपर्यंत गाणारा वरच्या षड्जाच्या आसपास पोचलेला असतो. शब्दांत सूर्य वर येतो आणि गळाही वर जातो. हेच पद भूपाच्या अंगाने, गंधारावर रेंगाळत गायलं तर शब्द पहाटेचे राहतील आणि सूर संध्याकाळचे होतील. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण ‘आज काही जमलं नाही’ असं तो नक्की म्हणेल.

पूर्वी प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. जत्रेच्या नाटकाला अजूनही कधी कधी तसंच होतं. अशा प्रयोगात हे पद खऱ्या उजाडण्याच्या जवळ येतं तेव्हा त्याची गंमत नाट्यगृहात बसून कळणार नाही.

दुःखाच्या पदाचं उदाहरण द्याल का?

त्याच नाटकातलं ‘वद जाउ कुणाला शरण’. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं आहे, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि ती सखीला विचारते की आता कुणाकडे जाऊ. राग जोगिया. यात ऋषभ आणि धैवत कोमल, आणि चढताना गंधार गाळलेला.

गंधार गाळल्याने काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. गाणारी षड्जावरून कोमल ऋषभावर येते आणि तिथून थेट मध्यमावर जाते. मधली पायरी नाही. परत येताना मध्यमावरून ऋषभाकडे मींड घेत घसरते आणि तो ऋषभ किंचित हलत राहतो. पाय टेकायला जागा शोधणाऱ्या माणसाची ही चाल आहे, आणि सुभद्रेची अवस्था नेमकी तीच आहे.

शब्दांनीही मदत केली आहे. ‘शरण’, ‘हरण’, ‘चरण’ अशी यमकं लागोपाठ येतात, आणि पहिलं वाक्य प्रश्नातच अडकून राहतं. आप्त-बांधवांना विनवून झालं, सगळं विफल गेलं, एवढंच ती पुढे सांगते. हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. माहिती म्हणून पदात नवं काही नाही, आणि म्हणूनच ऐकणारा माहितीमागे न धावता तिच्याजवळ बसून राहतो.

हे सगळं शब्दांमुळे होत नसेल कशावरून?

वाजवी शंका आहे. याची परीक्षा एका नाटकाने परस्पर घेऊन ठेवली आहे. १९६७ साली आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ‘घेई छंद मकरंद’ हे पद पंडितजी आणि खांसाहेब या दोन गवयांच्या तोंडी आहे. शब्द तेच. चाली मात्र सालगवराळी आणि धानी अशा दोन वेगळ्या रागांत, वेगळ्या लयीत. संगीत आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं.

पंडितजींच्या तोंडचं पद ऐकताना भुंगा मधात बुडून गेलेला वाटतो. खांसाहेबांच्या तोंडचं ऐकताना तोच भुंगा मैदान मारायला निघालेला. शब्दांनी दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगितली, पण माणसं दोन दिसली. नाटकातलं वैर समजायला संवाद ऐकायचीही गरज पडत नाही.

शब्दांचं काम कमी लेखू नये, एवढं मात्र म्हणेन. राग मनाची दिशा दाखवतो, नेमकं कशाबद्दल ते शब्द सांगतात. नुसता जोगिया वाजला तर उदास वाटेल, पण सुभद्रा दिसणार नाही.

ज्याला राग ओळखता येत नाही त्याच्यापर्यंत हे पोचतं का?

पोचतं. गोव्यात आरती, भजन, देवळातला चौघडा यांतून हे सूर लहानपणापासून कानांवर पडत असतात. नाव ठाऊक नसलं तरी ओळख असते. मंडपात शेवटच्या रांगेत बसलेली आजी ‘देसकार’ म्हणणार नाही, ‘सकाळचं गाणं’ म्हणेल. तेवढं पुरे आहे.

मग लोक पदं लक्षात ठेवतात आणि कथानक का विसरतात?

माझ्या मते मुख्य कारण नाटकाच्या घडणीतच आहे. शाकुंतल, सौभद्र, स्वयंवर, विद्याहरण यांच्या कथा प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक होत्या. सुभद्रा अर्जुनाला मिळणार, रुक्मिणी कृष्णाची होणार, यात कुणालाच शंका नव्हती. ‘पुढे काय’ हा प्रश्नच उरला नाही, तेव्हा लक्ष ‘या घटकेला तिला काय वाटतं’ इथे गेलं. आणि त्या घटकेचा सगळा ऐवज पदात होता. कथा म्हणजे एका पदापासून दुसऱ्या पदापर्यंतची वाट झाली. ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं आहेत हे लक्षात घेतलं तर ती वाट किती तुटक असेल याचा अंदाज येतो.

दुसरं कारण वेळेचं. बलरामाचा निर्णय संवादात दोन मिनिटांत होतो. त्यावरचं सुभद्रेचं पद, गाणारी तयारीची असेल तर, दहा मिनिटं सहज घेतं. मुखडा पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक वेळी थोडा वेगळा होऊन. एकच ओळ आठ-दहा वेळा ऐकल्यावर ती पाठ होणारच. बलरामाचं वाक्य कुणी दोनदा म्हणत नाही. ‘वन्स मोअर’ मिळतो तोही पदालाच.

तिसरं कारण नाट्यगृहाबाहेरचं आहे, आणि मला ते सगळ्यांत जोरदार वाटतं. पद नाटकातून सुटं काढता येतं. बालगंधर्वांची पदं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर निघाली. ज्यांनी त्यांना रंगमंचावर कधी पाहिलं नाही त्यांनी ती पाठ केली. मग रेडिओ आला. गाण्याच्या शिकवणीत मुलांना ख्यालाच्या जोडीला नाट्यपद मिळू लागलं. मैफलीत ख्याल झाला की श्रोते नाट्यगीताची फर्माइश करू लागले. नाटक वर्षातून एकदा बघायला मिळे, पद बाराही महिने. आज ज्याला ‘मम आत्मा गमला हा’ पाठ आहे त्याला हे पद ‘स्वयंवर’च्या कोणत्या प्रसंगी येतं ते विचारून पाहा. बिहाग तो लगेच गुणगुणेल, प्रसंग मात्र आठवावा लागेल.

प्रत्येक संगीत नाटकाबाबत असंच होतं का?

नाही, आणि हा अपवाद महत्त्वाचा आहे. देवलांचं ‘शारदा’ (१८९९) बघितलेला माणूस कथा विसरत नाही. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावायचा घाट ही गोष्ट पुराणातली नव्हती, शेजारच्या घरातली होती. पुढे काय होणार ही धाकधूक खरी होती. तिथली पदंही वेगळ्या बांधणीची आहेत. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद आलापीला थांबत नाही. थट्टा करतं, टोचतं आणि पुढे जातं. बोलता बोलता गावं अशा थाटाचं ते आहे, त्यामुळे कथेला ढकलतं.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) तिसराच प्रकार. सिंधूची पदं लोकांना आठवतात, तशी तळीरामाची वाक्यंही आठवतात. गद्यालाच एवढी धार असली की पद एकटं राज्य करू शकत नाही.

म्हणजे कथा कधी विसरते? ती आधीपासून माहीत असते आणि पद ऐसपैस असतं तेव्हा.

गोव्याचा यात वेगळा वाटा काय?

माणसांचा तर आहेच. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीही मंगेशीचे, रामदास कामत आणि प्रसाद सावकारही गोमंतकीयच. मोगूबाई कुर्डीकरांसारखी ख्यालगायिका लहानपणी नाटक मंडळीतून पुढे आली. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) ही मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणली. जुन्या पदाचा विस्तार आटोक्यात आणून राग मात्र न सोडण्याचं काम अभिषेकींनी तिथे केलं. ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशीत आहे. हा राग मूळचा दक्षिणेतला. त्याचा खालचा अर्धा शुद्ध सुरांचा, उजळ, आणि वरचा अर्धा कोमल धैवत-निषादामुळे झाकोळलेला. गाणं वर गेलं की हुरहूर, खाली आलं की आशा, असा झोका त्यातून मिळतो.

पण मला गोव्याचं वेगळेपण प्रेक्षकांत जास्त दिसतं. इथे संगीत नाटक गावच्या उत्सवाचा भाग आहे. कृष्ण करणारा दिवसा बँकेत असतो, तबल्यावरचा माणूस भजनातही वाजवतो. तेच तेच नाटक त्याच मंडपात काही वर्षांनी पुन्हा होतं. त्यामुळे लोक ‘सौभद्र’ बघायला येत नाहीत, ‘यंदा सुभद्रा कोण’ ते ऐकायला येतात. भजनी मंडळी नाट्यपदाची चाल उचलून तीवर अभंग बसवतात, मग चाल नाटकाशिवायच गावात फिरत राहते. कला अकादमीच्या स्पर्धांमुळे तालमींना शिस्त आली, पण कान तयार होतो तो मंडपातच.

प्रयोगात पद नेमकं कुठे बिघडतं?

बहुतेक वेळा पट्टी निवडताना. देसकार वरच्या अर्ध्यात राहणारा राग. कृष्णाची भूमिका करणाऱ्याने हौसेने पट्टी चढी धरली की पहिला अंतरा निघतो, पण नंतर धैवतावर टिकून राहणं जड जातं. दमलेला गळा आपोआप खाली उतरतो आणि गंधारावर विसावतो. झाला भूप! गाणाऱ्याला वाटतं आपण बरोबर गातो आहोत, कारण एकही सूर चुकलेला नसतो. ओळखायची खूण अशी: ओळ संपताना तो कुठे टेकतो ते ऐका. दोन-तीन ओळी लागोपाठ गंधारावर संपल्या तर पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्यायला सांगा. सुराची तालीम वाढवून हे सुधारत नाही.

जोगियात बिघाड ऑर्गनवाल्याकडून होतो. हलता कोमल ऋषभ पट्टीच्या वाद्यावर निघत नाही. गाणारी मींड घेत असताना साथीदाराने तीच ओळ सुरासुराने वाजवली तर ती घसरण पायऱ्यांसारखी तुटते. अशा जागी षड्ज-मध्यम धरून गप्प बसावं. हे सांगायला सोपं आहे. हात शिवशिवतात.

तिसरा दोष तानांचा. टाळ्या मिळाल्या की सुभद्रा शरण कुणाला जावं हे विसरून तानांची आतषबाजी करते. एखादी तान विव्हळ असू शकते, पण सपाट वेगवान तान आली की पात्र निघून जातं आणि गवई उरतो. काहींना तेच हवं असतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मात्र अशा पदानंतर सखीचं वाक्य आलं की प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होते. नाटकाचा धागा तुटल्याची ती खूण समजावी.

अडीच तासांत प्रयोग बसवायचा तर पदं कापावीत की संवाद?

आज जो तो संवादच कापतो. प्रेक्षक पदांसाठी येतात, तेव्हा हिशेब बरोबर वाटतो. पण ‘वद जाउ’च्या आधीचा बलरामाच्या निर्णयाचा प्रवेश उडवला तर पदाने धक्का बसायला काही कारणच राहत नाही, आणि ते मैफलीतल्या जोगियासारखं गोड वाटून संपतं. मी उलट सुचवतो. सगळी पदं ठेवायचा हट्ट सोडा. वर्णनाची आणि ओळखीची लहान पदं गाळा, साक्या-दिंड्या नुसत्या म्हणून घ्या. मोठी सहा-सात पदं निवडा आणि प्रत्येकाच्या आधीची दोन-तीन पानं हात न लावता ठेवा. ‘प्रिये पहा’च्या आधी रुक्मिणीचा रुसवा पुरता दिसला पाहिजे. मग कृष्णाने पहिला धैवत लावला की मंडपातला माणूस मान वर करतो.